तिकोनी तुकडा, गोल टाकी आणि चुकलेली खुंटी

दाजींच्या रानाचा एक तुकडा तिकोनी आहे. एका अंगाला गावाचा रस्ता, दुसऱ्या अंगाला पाट आणि तिसऱ्या अंगाला त्यांच्या चुलत्यांचा बांध. पाट रस्त्याखालून मोरीतून जातो तो मोरीचा कोपरा. रस्ता आणि बांध मिळतात तिथे आंबा आहे, म्हणून तो आंब्याचा कोपरा. पाट आणि बांध जिथे भेटतात तो आतला कोपरा. या तुकड्यात औत नीट वळत नाही, पेरलं तरी कोपरे पडीकच राहतात. म्हणून दाजींनी तिथे पत्र्याची गोल टाकी उभारून आत शेततळ्याचा कागद टाकायचं ठरवलं. टाकी जितकी मोठी बसेल तितकी हवी होती.

मोजमापं त्यांनी फोनवर सांगितली. रस्त्याची बाजू २८ मीटर, पाटाची २५, बांधाची १७. मी शाळेत गणित शिकवतो, तेव्हा हा हिशोब माझ्याकडे येणार हे ठरलेलंच. पाच मिनिटांत मी उलट फोन करून सांगितलं, "दाजी, सहा मीटर त्रिज्येची बसते. बारा मीटर व्यासाची."

दोन दिवसांनी परत फोन आला. "मास्तर, तुमची टाकी रस्त्यावर आलीया."

गेलो आणि बघितलं. मिस्त्रींनी जमिनीत खुंटी ठोकून सहा मीटरची सुतळी फिरवली होती आणि फक्कीने गोल मारला होता. गोल रस्त्याच्या हद्दीबाहेर चांगला एक मीटर गेला होता, पाटाच्या बाजूलाही हातभर बाहेर होता. बांधाच्या बाजूला मात्र दोन मीटरहून जास्त जागा मोकळी पडली होती. त्रिज्या बरोबर होती. चुकली होती ती खुंटी, आणि चूक माझी होती. वर्तुळ किती मोठं हे मी सांगितलं, ते कुठे ठेवायचं हे सांगितलंच नव्हतं.

मिस्त्रींचा मध्य

मिस्त्रींनी खुंटी अंदाजाने ठोकली नव्हती. प्रत्येक बाजूचा मध्य काढून तो समोरच्या कोपऱ्याला सुतळीने जोडला होता. तिन्ही सुतळ्या एका ठिकाणी भेटल्या, तिथे खुंटी. पुस्तकात याला मध्यगासंपात म्हणतात. तिकोनी पत्रा बोटावर तोलायचा तर बोट इथेच धरावं लागतं. "मध्य" या शब्दाला हे उत्तर काही चुकीचं नाही. फक्त टाकीला लागतो तो मध्य हा नव्हे.

दोन मध्यांतला फरक क्षेत्रफळावरून लगेच दिसतो. आधी आख्ख्या तुकड्याचं क्षेत्रफळ काढू. तिन्ही बाजूंची बेरीज ७०, अर्धपरिमिती ३५. तीतून एकेक बाजू वजा केली की ७, १० आणि १८ उरतात. ३५, ७, १० आणि १८ यांचा गुणाकार ४४,१०० येतो आणि त्याचं वर्गमूळ २१०. म्हणजे तुकडा २१० चौरस मीटरचा. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त ती आहे: बाजूंची अर्धी बेरीज चार ठिकाणी मांडायची, त्यातून बाजू वजा करायच्या, गुणाकाराचं मूळ घ्यायचं. चौकोनाला हे फळ अचूक नसतं, त्रिकोणाला मात्र स्पष्ट असतं, असंही तिथे बजावलं आहे. सातबाऱ्यावरच्या वेड्यावाकड्या चौकोनांना ही रीत लावणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

आता आतल्या कोणत्याही खुंटीपासून तिन्ही कोपऱ्यांना सुतळी बांधली की तुकड्याचे तीन त्रिकोण होतात. एकाचा पाया रस्ता, दुसऱ्याचा पाट, तिसऱ्याचा बांध. प्रत्येकाची उंची म्हणजे खुंटीपासून त्या हद्दीपर्यंतचं सरळ, काटकोनातलं अंतर. मिस्त्रींच्या खुंटीचं वैशिष्ट्य असं, की हे तीनही त्रिकोण सारख्या क्षेत्रफळाचे होतात, प्रत्येकी ७० चौरस मीटर. पण क्षेत्रफळ सारखं आणि पाया वेगवेगळा म्हटल्यावर उंची सारखी राहणार कशी? ७० ची दुप्पट १४०, तिला २८ ने भागलं की रस्त्यापासूनचं अंतर ५ मीटर येतं. पाटापासून ५.६ आणि बांधापासून ८.२. फक्कीच्या गोलात जे दिसत होतं तेच हे आकडे सांगत होते: रस्त्याकडे एक मीटर बाहेर, पाटाकडे ४० सेंटीमीटर बाहेर, बांधाकडे सव्वादोन मीटर मोकळे.

टाकीला हवी ती खुंटी उलटी वागते. तिथे तीनही उंच्या सारख्या हव्यात, म्हणजे वर्तुळ तिन्ही हद्दींना एकाच वेळी टेकेल. उंची सारखी असली की क्षेत्रफळं पायाच्या प्रमाणात वाटली जातात. ही सारखी उंची r धरली तर तीन त्रिकोणांचं क्षेत्रफळ २८r, २५r आणि १७r यांच्या निम्मं. त्यांची बेरीज ३५r, आणि ती २१० असायलाच हवी. म्हणून r सहा. तुकडे पडतात ८४, ७५ आणि ५१ चौरस मीटरचे. त्रिकोण कुठलाही घ्या, काटकोन असो वा नसो, युक्तिवाद हाच राहतो:

r = क्षेत्रफळ ÷ s

यातला s म्हणजे अर्धपरिमिती. मुलं इथे हमखास पूर्ण परिमितीने भागतात आणि ३ मीटर उत्तर आणतात. कागदावर ३ काही विचित्र दिसत नाही, म्हणून चूक तशीच पुढे जाते. ती पकडायला एक सोपी चाळणी आहे. सगळ्यात लांब बाजूवरचा शिरोलंब काढायचा. इथे २१० ची दुप्पट भागिले २८, म्हणजे १५ मीटर. अंतर्वर्तुळाची त्रिज्या त्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असूच शकत नाही आणि निम्म्याइतकी कधी होत नाही, कारण परिमिती सगळ्यात लांब बाजूच्या दुपटीपेक्षा जास्त आणि फार तर तिप्पट असते. आपल्याला उत्तर ५ ते ७.५ मध्येच हवं. ३ बाहेर पडलं, ६ बसलं. आणि गंमत म्हणजे यातला ५ हा मिस्त्रींच्या खुंटीचाच आकडा आहे. त्यांच्या खुंटीभोवती मावणारं मोठ्यात मोठं वर्तुळ पाचाचं. तिन्ही बाजू सारख्या असल्या तरच ते खऱ्या उत्तराला गाठतं, एरवी कमीच भरतं.

७, १० आणि १८

त्रिज्या कळली, पण खुंटी कुठे? पुस्तकी उत्तर तयार असतं: कोनदुभाजक काढा, ते भेटतात तो अंतर्मध्य. वहीत कंपास फिरवून हे दोन मिनिटांत होतं. ढेकळांच्या रानात पंधरा-वीस मीटर लांब कोनदुभाजक टाकून बघा म्हणजे कळेल. कोपऱ्यात अर्ध्या अंशाची चूक झाली की १९ मीटरवर सुतळी १६-१७ सेंटीमीटर सरकते. त्यापेक्षा क्षेत्रफळ काढताना वाटेत आलेले ७, १० आणि १८ हे आकडेच खुंटी दाखवतात. त्यांच्याकडे बहुतेक जण नुसतं वर्गमूळाखालचं सामान म्हणून बघतात.

वर्तुळ प्रत्येक हद्दीला एका ठिकाणी टेकतं. आंब्याच्या कोपऱ्यापासून रस्त्यावरच्या टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर आणि त्याच कोपऱ्यापासून बांधावरच्या टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर सारखं असतं. दहावीत आपण हेच स्पर्शिकाखंडाचं प्रमेय म्हणून शिकतो. कारण साधं आहे. कोपरा, केंद्र आणि स्पर्शबिंदू मिळून दोन्हीकडे काटकोन त्रिकोण होतात. दोघांचा कर्ण एकच आणि एक भुजा त्रिज्येएवढी, मग तिसरी भुजा वेगळी कशी असेल?

म्हणजे प्रत्येक कोपऱ्याचा एकेक आकडा झाला आणि तो त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंवर एकेकदा येतो. सगळी हद्द चालून आलात तर तीनही आकडे दोन-दोनदा मोजले जातात, म्हणून तिघांची बेरीज ७० च्या निम्मी, ३५. आता रस्त्याची बाजू बघा. तीवर आंब्याचा आणि मोरीचा असे दोन आकडे येतात, त्यांची बेरीज २८. मग उरलेल्या आतल्या कोपऱ्याचा आकडा ३५ वजा २८, म्हणजे ७. तसंच आंब्याच्या कोपऱ्याचा ३५ वजा पाटाची बाजू, १०. मोरीच्या कोपऱ्याचा ३५ वजा बांध, १८. कोपऱ्याचा आकडा काढताना वजा करायची ती समोरची बाजू, कोपऱ्याला लागलेली नव्हे. इथे घोटाळा झाला की लगेच दिसतो: रस्त्यावरचे दोन आकडे मिळून २८ भरत नाहीत.

हे तीन आकडे हातात असले की क्षेत्रफळ वेगळं काढायचीही गरज नाही. तिघांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज, आणि त्याचं वर्गमूळ. १२६० भागिले ३५ म्हणजे ३६, मूळ ६. पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने बाजूंवरून क्षेत्रफळाची जी रीत सिद्ध केली, ती हेच वर्तुळ आणि हेच स्पर्शिकाखंड वापरून. म्हणजे मुळात क्षेत्रफळाचं सूत्रच या आकड्यांतून निघालेलं आहे.

रानात पुढचं काम मिस्त्रींनी केलं. आंब्याच्या कोपऱ्यापासून रस्त्याच्या हद्दीवर १० मीटरवर एक खुंटी. मोरीच्या कोपऱ्याकडून १८ मोजले तर त्याच खुंटीवर यायला हवं, आणि आलं. मग बांधावर आंब्यापासून १० आणि पाटावर मोरीपासून १८. आतल्या कोपऱ्यापासून दोन्हीकडे ७ मोजले की याच दोन खुंट्या परत सापडायला हव्यात. बांधावरची सापडली. पाटावर मात्र दोन खुंट्यांत वीतभर अंतर पडलं. पाटाच्या कडेला घाणेरीचं झुडूप होतं आणि दाजींनी टेप त्याला वळसा घालून नेली होती. झुडूप तोडलं, दोन टोकांना सुतळी ताणून परत मोजलं. बाजू २५ च होती. मोजताना टेप वाकडी गेली म्हणून खुंटी सरकली होती.

रस्त्यावरच्या १० च्या खुंटीपासून गुण्यात आत ६ मीटर गेलं की केंद्र. मिस्त्री काटकोन ३-४-५ नेच काढतात, म्हणून तो कसा काढायचा हे मी त्यांना सांगायचं कारण नव्हतं. पडताळा म्हणून मी दोन अंतरं लिहून दिली. केंद्रापासून आंब्याच्या कोपऱ्यापर्यंत ११.६६ मीटर यायला हवं (१० चा वर्ग अधिक ६ चा वर्ग, १३६ चं मूळ) आणि आतल्या कोपऱ्यापर्यंत ९.२२ (४९ अधिक ३६, ८५ चं मूळ). दोन्ही बोटभर फरकाने जुळली.

दोन मीटर रस्त्याकडे

खुंटी बसल्यावर दाजी म्हणाले, "पण हद्दीला चिकटवून कुणी टाकी बांधतं का?" ते मला आधीच विचारायला हवं होतं. टाकीभोवती फिरायला, पत्र्याचे नटबोल्ट आवळायला जागा लागते. सगळीकडे एकेक मीटर सोडायचं असतं तर काम सोपं होतं: हद्दी समांतर आत सरकतात, केंद्र तेच राहतं आणि त्रिज्या सरळ एक मीटरने घटते. सहाचे पाच.

पण दाजींना रस्त्याच्या बाजूने ट्रॅक्टर न्यायचा होता. तिथे दोन मीटर हवे, पाट आणि बांधाकडे एक पुरे. आता जुनी खुंटी ठेवली तर रस्त्याकडून त्रिज्या ४ वर येते आणि बाकी दोन बाजूंना विनाकारण एक मीटर जास्त मोकळा राहतो. मिस्त्री म्हणाले, खुंटी जरा आत सरकवू. बरोबर होतं, पण जरा म्हणजे किती?

तेच तीन तुकडे परत कामाला आले. नवी त्रिज्या R धरू. नव्या केंद्रापासून रस्ता R + २ अंतरावर, पाट आणि बांध R + १ वर. तीन त्रिकोणांचं दुप्पट क्षेत्रफळ मिळून ४२० च आहे, कारण तुकडा तोच:

२८(R + २) + २५(R + १) + १७(R + १) = ४२०

म्हणजे ७०R अधिक ९८ बरोबर ४२०. R = ४.६ मीटर. जुन्या खुंटीवरच्या ४ मीटरच्या टाकीचा तळ ५०.३ चौरस मीटर झाला असता, या टाकीचा ६६.५. दोन मीटर पाणी उभं राहिलं तर ३२ हजार लिटर जास्त, आणि तेही नुसती खुंटी हलवून. सोडायची जागा फार मोठी धरली तर हेच समीकरण R ऋण देतं. तेव्हा समजायचं की त्या अटीत टाकी बसत नाही.

खुंटीची नवी जागाही अवघड नाही. पाट आणि बांध दोन्ही नव्या केंद्रापासून सारख्याच, ५.६ मीटर अंतरावर आहेत. म्हणून केंद्र आतल्या कोपऱ्याच्या कोनदुभाजकावर असणार, आणि जुनं केंद्रही त्याच रेषेवर होतं. आतला कोपरा रस्त्यापासून १५ मीटर आत आहे. जुनी खुंटी त्याच्यापेक्षा ९ मीटर खाली, रस्त्यापासून ६ वर होती. नवी ८.४ मीटर खाली हवी, रस्त्यापासून ६.६ वर. आतल्या कोपऱ्यापासून जुन्या खुंटीपर्यंतची सुतळी ९.२२ मीटर होती, तिचे नऊ भाग धरून ८.४ भाग घेतले की ८.६१ येतात. थोडक्यात, सुतळीवरूनच खुंटी ६१ सेंटीमीटर मागे घ्यायची. मिस्त्रींनी ती वीतभर सुतळी दोन बोटांत धरून दाखवली आणि म्हणाले, "एवढ्यासाठी ३२ हजार लिटर?" वीत नव्हे, जवळपास तीन विती अंतर होतं, पण त्यांचं म्हणणं पोचलं.

मापात चूक असेल तर काय, हे मी घरी जाऊन काढलं, कारण झुडपाचा किस्सा डोक्यात होता. समजा रस्त्याची बाजू २८ ऐवजी २८.२ मोजली गेली. टेप झोल खाते किंवा वळसा घेते तेव्हा माप वाढतंच, कमी होत नाही. मग कोपऱ्यांचे आकडे ६.९, १०.१ आणि १८.१ होतात आणि त्रिज्या येते ५.९९५. म्हणजे २० सेंटीमीटरच्या चुकीला त्रिज्येत फक्त अर्धा सेंटीमीटर. पण खुंट्या मात्र दहा-दहा सेंटीमीटर सरकतात, कारण बाजूतल्या चुकीचा निम्मा भाग प्रत्येक स्पर्शिकाखंडात उतरतो. त्रिज्या बरोबर आली म्हणून केंद्रही बरोबर आलं असं समजू नये.

चपट्या तुकड्यात हे सगळं बिघडतं. बाजू २८, १६ आणि १३ घ्या. कोपऱ्यांचे आकडे अर्धा मीटर, १२.५ आणि १५.५, त्रिज्या १.८४. इथे लांब बाजूत तीच २० सेंटीमीटरची चूक झाली की अर्ध्या मीटरचे ४० सेंटीमीटर होतात आणि त्रिज्या १.६६ वर घसरते, एक दशांश गेली. म्हणून s मधून बाजू वजा केल्यावर एखादा आकडा फारच लहान दिसला तर ती लांब बाजू परत मोजायची. आणि आकडा शून्य किंवा ऋण आला तर मोजमाप चुकलंच आहे, कारण तसा त्रिकोणच होत नाही.

नव्या खुंटीभोवती मिस्त्रींनी ४.६ ची सुतळी फिरवून फक्की मारली. मी टेप धरली. रस्त्याकडे दोन मीटर, बांधाकडे १.०१. पाटाकडे ९६ सेंटीमीटर. मी आकडे परत तपासायला वही उघडली तेवढ्यात दाजी पाटाच्या कडेला वाकून म्हणाले, "मास्तर, राहू द्या. इथं भराव आत आलाय बघा, गेल्या पावसात ढासळला होता."